तेरावी चिठ्ठी

‘आमचं अनुदान संपल्यावर संस्था कशी चालेल?’ हा प्रश्न मी आयुष्यात जितक्या वेळा खोटा सोडवला, तितक्या वेळा शाळेत गणितंही चुकवली नसतील. प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर तो असायचा आणि मी दरवर्षी मागच्या वर्षीचं उत्तर उचलून डकवायची. ‘संस्था विविध दात्यांशी संवाद साधत आहे.’ संवाद! गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी, सर आणि पंखा, एवढ्यांचाच काय तो संवाद चालायचा.

संस्था सरांनी काढलेली. वाळूजच्या कारखान्यांलगत बजाजनगरात आमची चार पाळणाघरं होती. कारखान्यात पाळीला जाणाऱ्या बायांची पोरं तिथं असायची. चारांचाही जवळजवळ सगळा खर्च मुंबईचं एक ट्रस्ट उचलायचं. प्रस्ताव लिहिणं माझ्याकडे होतं, कारण माझी भाषा बरी. त्या बऱ्या भाषेची मला आता शिसारी येते.

त्या वर्षी ट्रस्टनं स्पष्टच कळवलं. आणखी दोन वर्षं देऊ, दुसऱ्या वर्षी निम्मंच देऊ, पण त्याआधी बाकीचा पैसा कुठून येणार ते दाखवा. सोबत तक्ता होता आणि त्यात चार रकाने: हातात आलेले, लेखी कबूल झालेले, बोलणी चालू असलेले, नुसतेच मनात असलेले. शिवाय दुसऱ्या वर्षापासून कुणा एकाचा वाटा निम्म्याहून जास्त नको. अट शहाणपणाची होती. एका खांबावर मांडव कशाला घालायचा?

मी सरांना म्हटलं, “चौथ्या पाळणाघराच्या मावशींकडे भिशीचे पैसे येतात. ते पहिल्या रकान्यात घालू.”

मावशी मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवऱ्यामागं वाळूजला आल्या आणि आमच्याकडे लागल्या. त्यांच्या गल्लीत बारा बायांची भिशी होती. दर महिन्याला बारा जणी ठरलेली रक्कम टाकायच्या आणि जिची चिठ्ठी निघेल ती सगळी उचलायची. त्यात मावशींनी तेरावी चिठ्ठी घातली, पाळणाघराची. म्हणजे बाई तेरा वेळा भरणार आणि बारा हप्त्यांएवढं उचलणार. तेरावा हप्ता पोरांच्या दुधाला आणि गॅसला. बघता बघता अशा तीन भिश्या झाल्या. आयांची महिन्याची फी वेगळी.

सर हसले. “बायांची भिशी? मुंबईच्या लोकांपुढं? अगं, लाज काढशील संस्थेची. सीएसआर लिही. शहागंजात चहा झालाय माझा, तिन्ही कंपन्या तयार आहेत.”

तिन्ही कंपन्या म्हणजे तीन भावांचे तीन शेड. शेतीवाडीचं मोठं घर, जमिनीचे पैसे आले तेव्हा वाळूजला सुट्या भागांचे कारखाने टाकले. सीएसआर म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजकामाला द्यायचा पैसा, पण तो कायद्यानं लागू व्हावा एवढा एकाचाही नफा नव्हता, देणार होते ती साधी देणगी. तीन पाट्या वेगळ्या होत्या, पण घरात चूल एक आणि शब्द थोरल्याचा. हे सरांना माहीत होतं आणि मलाही. आमच्याकडे सोयऱ्याधायऱ्यांत पैसा मागायची रीतच अशी आहे की थोरल्याला राजी केलं म्हणजे सगळे राजी. तेच आम्ही तीन दाते म्हणून मोजले.

“बोलणी चालू असलेल्यांत टाकते,” मी म्हटलं.

“त्याला कोण विचारतंय? लेखी कबूलमध्ये टाक. पत्रं काय, आणू नंतर.”

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मी टाकले. कुणी माझा हात धरला नव्हता. नोकरी हवी होती आणि सरांशी वाद घालायचा कंटाळा होता, एवढंच त्यामागचं मोठं कारण. भिशीची ओळ मी पुसली आणि तक्ता सुबक दिसला म्हणून मला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त किळस येते.

मग वार्षिक कार्यक्रम झाला. व्यासपीठावर सरांनी पहिली शाल एका पुढाऱ्याच्या खांद्यावर घातली आणि थोरल्याचा नंबर दुसरा आला. तो फोटो होईपर्यंत थांबला, नारळ खुर्चीवरच ठेवला आणि निघाला. मागोमाग दोन्ही धाकटे उठले. मी मागं ताट घेऊन जेवत उभी होते. श्रीखंड तोंडात कडू झालं. चार पाळणाघरांतल्या पोरांचं दूध एका शालीवर टांगलेलं होतं आणि ते टांगणारे आम्हीच.

आठवड्यानं ट्रस्टच्या अधिकारी बाई आल्या. शांत स्वभाव, साधी सुती साडी. त्या आधी मावशींच्या पाळणाघरात गेल्या. मावशी पोराला भरवत होत्या.

“मावशी, ट्रस्टशिवाय कोण मदत करतं तुम्हाला?”

“आमच्या बायाच की. भिशी हाय ना.” मावशींनी फळीवरची वही काढून दिली. बाई पानं उलटत राहिल्या. प्रत्येक नावापुढं महिन्याची खूण होती, कुठं सही, कुठं अंगठा.

“हे तक्त्यात का नाही?” बाईंनी मला विचारलं.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. “लिवलं नाय व्हय तुमी? मी तर बायांना सांगितलं, आपलं नाव मुंबईला गेलं म्हणून.”

मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं.

ऑफिसात येऊन बाईंनी तिन्ही कंपन्यांची पत्रं मागितली. सरांनी ऐटीत फोन लावला, स्पीकरवर. थोरला म्हणाला, “कसलं पत्र? आपलं कुठं काय ठरलंय?” मधल्याला लावला, तो म्हणाला, “दादा म्हणतील तसं.” धाकट्यानं फोन उचललाच नाही.

बाईंनी आपली वही मिटली. “सर, हे तीन दाते नाहीत, एक आहे. आणि तोही नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “भिशीची रक्कम लहान आहे, पण पस्तीसेक घरं देतायत. एक रुसलं तरी बाकीची उरतात. मला हेच वाचायचं होतं. आता बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवू?”

पुढची दोन वर्षं मिळाली नाहीत. तीन पाळणाघरं बंद झाली. सर अजून भाषणात सांगतात की मुंबईकरांना मराठवाडा कळत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी मलाही शाल घातली. ती घरी येताना मी रिक्षातच सोडली.

मावशींची एक खोली तेवढी चालू राहिली. भाडं आणि दूध फी-भिशीतून सुटतं, मावशींचा पगार मात्र निम्म्यावर आला. बंद पडलेल्या पाळणाघरांतली काही पोरंही त्यांच्याकडेच येतात. दाटीवाटीनं निजलेली ती पोरं पाहवत नाहीत, आणि न बघता राहवतही नाही.

सहा महिन्यांनी मी धीर करून गेले. मावशी रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लाज वाटली. नव्या भिशीची यादी करायची होती. “तुमचं अक्षर बरं हाय, लिवा,” म्हणत त्यांनी वही पुढं केली. मी एकेक नाव लिहिलं. शेवटी विचारलं, “मावशी, माझंही घालू?”

“घाला की.”

मी पेन टेकवलं, तर त्यांनी वहीवर हात ठेवला.

“पैसे आणलेत?”

“पुढच्या महिन्यात देते.”

“मग पुढच्या म्हैन्यात लिवा. पैसा हातात आल्याबिगर नाव लिवायचं नाय, असा कायदा हाय बायांचा.”