डोक्यावरचं टिंब

सकाळी माझ्या गाण्याच्या क्लासमधल्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "बाई, पोरीचा आवाजच निघेना. नाशकात द्वारकेला घशाच्या डॉक्टरकडं आणलंय."

रिक्षात बसेपर्यंत मला काही सुचलं नाही. नाशिकरोडच्या पुढे मात्र आठवलं.

परीक्षेसाठी मी तिला पूरिया रागातली एक बंदिश दिली होती. माझ्या गुरुजींच्या जुन्या पुस्तकातली. घाईत त्या एकाच पानाची झेरॉक्स काढली. चिन्हांचा खुलासा पहिल्या पानावर होता, तो राहिला. क्लासमध्ये आम्ही वापरतो त्या पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; वर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. त्या पुस्तकाची पद्धत निराळी. तिथे डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र. तार दाखवायला उभी रेघ. मला ते इतकं सवयीचं की सांगायचं राहूनच गेलं.

पण एवढंच असतं तर मी एवढी घाबरले नसते. आठवड्यापूर्वी तिने व्हॉट्सॲपवर रियाजाची क्लिप पाठवली होती. मी अंगठा टाकला होता. न ऐकता.

दवाखान्यात ती आत होती. वडील बाकावर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा युनिफॉर्म अंगावर, पाळी सोडून आलेले. मी कोपऱ्यात जाऊन फोन कानाला लावला.

पूरिया मंद्रात, खालच्या नि-धमध्ये घोळतो. ती ते नि-ध तारसप्तकात गात होती. पट्टी उतरवलेली, तरी पोचत नव्हती. गळा ताणून, किंचाळत. फाटला की थांबायची, खाकरायची, पुन्हा तिथूनच.

"काय ऐकताय, बाई?" वडिलांनी विचारलं.

नेटवर्कचं काहीतरी सांगून टाकावं असं वाटलं. मी आयुष्यभर अशीच वेळ मारून नेत आले आहे. पण दार उघडलं, ती बाहेर आली, गळ्याला मफलर. मग मी दोघांसमोर सगळं सांगितलं. झेरॉक्सचं, आणि अंगठ्याचंही.

वडील बाकावरून उठले. "म्हणजे चूक तिची नव्हती?"

"नाही."

"अन् मी रोज तिला म्हणत होतो, अजून जोर लाव, बाईंनी पास केलंय."

डॉक्टरांनी दारातच सांगितलं होतं, स्वरतंतू सुजलेत. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. सूज उतरली की पुन्हा बघू. आवाज पूर्वीसारखा होईल का, ते आत्ता सांगता येणार नाही. परीक्षा तर गेलीच.

तिने माझ्याच फोनवर टाइप केलं: "मला वाटलं होतं पूरिया इतका वर नसतो. पण तुम्ही ओके केलं होतं."

मी फोन परत घेतला. क्लिप अजून पुसलेली नाही. पुन्हा ऐकायचं धाडसही झालेलं नाही. पुढच्या तपासणीला वडिलांनी मला बोलावलं आहे.

"या," एवढंच म्हणाले.