माझ्यासाठीची नोटशीट

बुऱ्हाणपूरच्या आमच्या सरकारी कार्यालयात खरेदीची फाईल वर्षानुवर्षं मीच चालवली. पंखा असो की कपाट, नोटशीट माझी. गरज लिहायची, आधी अशी खरेदी कधी झाली ते दाखवायचं, बजेटमध्ये तरतूद आहे हे सांगायचं, आणि शेवटी ‘स्वीकृति हेतु प्रस्तुत’.

मग साखरेनं डोळे धरले. चष्मे बदलले, भिंग घेतलं, तरी अक्षरं पुसट. डॉक्टर म्हणाले, आता टेबलावर ठेवायचं यंत्र घ्या. कागद खाली ठेवला की अक्षर पडद्यावर मोठं दिसतं. ते मिळालं नाही तर हे टेबल सुटणार आणि निवृत्तीपर्यंत मी कोपऱ्यात नुसता बसणार, हे मला कळत होतं.

पण स्वतःसाठीच्या वस्तूची नोट स्वतः टाकता येत नाही. ती टाकायची शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी. आमचा दोघांचा छत्तीसचा आकडा! त्यांच्या नोटा मी नेहमी चुका काढून परत करायचो.

“भाऊ, डॉक्टरचा कागद द्या आन गप बसा,” त्या म्हणाल्या. “या टायमाला चुका काढायला मिळणार नाही.”

त्यांनी जुन्या फायली धुंडाळल्या. ऐकू कमी येणाऱ्या एका लिपिकाला मोठ्या आवाजाचा फोन घेतला होता, कंबर धरलेल्या ड्रायव्हरला वेगळी खुर्ची. दोन्ही स्वीकृतींच्या प्रती जोडून त्यांनी फाईल वर पाठवली.

चार-पाच दिवसांनी साहेबांचा शेरा आला: ‘यह निजी सुविधा है। चर्चा करें।’ ‘चर्चा करें’ म्हणजे काय, हे मी चांगलं ओळखून होतो. अशा फायली चर्चेतच म्हाताऱ्या होतात.

बाई मात्र त्याच दुपारी फाईल घेऊन आत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं.

“सर, निजी कशी? यंत्र स्टॉक रजिस्टरला चढणार, दफ्तरातच राहणार. भाऊ रिटायर झाले तरी दुसऱ्याच्या कामी येईल. फोन आन खुर्चीची मंजुरी याच हिशोबानं दिली होती आपण.”

“हे नोटमध्ये लिहा,” साहेब म्हणाले. “आणि नोट एवढ्या मोठ्या अक्षरांत का टाइप केली? कागद वाया जातो.”

त्यावर बाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वीकृत फाईल खरेदीसाठी माझ्या टेबलावर आली. सवयीनं खिशातलं भिंग काढलं आणि फाईल उघडली. भिंग लागलंच नाही. ‘प्रस्तुत’पर्यंतचं अक्षर न् अक्षर मला नुसत्या चष्म्यानं वाचता आलं.

मी वळून पाहिलं. बाई मान खाली घालून काम करत होत्या. “चूक सापडली का भाऊ?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “एकही नाही.”