थेंबभर पाणी

आमच्या घरात माझ्या एका वाक्याला फार मान होता. "थेंबभर पाणी टिकत नव्हतं, थेंबभर!" हे म्हणताना मी दोन बोटांची चिमूट करून तो थेंब हवेत धरायचे आणि मग मुलाच्या वेळच्या माझ्या गरोदरपणाची कहाणी सुरू व्हायची. नऊ महिने ओकाऱ्या. निपाणीच्या घरात मी मोरीवर वाकले की गल्लीच्या टोकाची कुत्री दचकून उठायची. तरी मी रोज पन्नास भाकऱ्या थापायचे. ऐकणारं माणूस नवं असलं की भाकऱ्या वाढायच्या. आता राहते त्या बसवनगुडीतल्या भिशीत एकदा मी त्या दीडशेवर नेल्या. शेजारीण म्हणाली, "अक्का, इतक्या खायला कोण होतं?"

"कुत्री!" मी म्हटलं. बायका हसून हसून लोळल्या.

सुनेला दिवस राहिले तेव्हा ही कहाणी तिला तोंडपाठ होती. ती पुण्याची, नोकरी सॉफ्टवेअरची, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, चौदाव्या मजल्यावर. नेमका मुलगा ऑफिसच्या कामाला महिनाभर जर्मनीला गेलेला. सहाव्या आठवड्यात तिला मळमळ सुरू झाली आणि मी पिशव्या भरून हजर झाले. एका पिशवीत लोणचं, दुसरीत मसाले, तिसरीत माझं डोक्याचं तेल. फोडणी टाकली की पोर बाथरूममध्ये पळायची. दोन दिवसांनी कळलं, फोडणी नसतानाही पळते. मी जवळ गेले की पळते.

"अगं, माझ्या तेलाचा वास येतो का तुला?"

"नाही हो आई," असं म्हणता म्हणताच तिला उमासा आला.

माझा अपमान झाला नाही, असं मी लिहिणार नाही. पण तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. उग्र वासापासून लांब राहा. तेलकट-तिखट नको. गार खाल्लं तर वास कमी येतो. पोट रिकामं ठेवू नका, दर दोन तासांनी चार घास घ्या. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच कोरडं बिस्कीट किंवा मूठभर चुरमुरे खा. पाणी जेवताना घटाघटा नको, मधल्या वेळात घोटघोट प्या. थोडं काही पोटात राहतंय आणि लघवी नीट होतेय तोवर घाबरू नका, बहुतेकींची ही मळमळ तिसरा-चौथा महिना लागेतो ओसरते. सोबत उलटी कमी व्हायच्या गोळ्या दिल्या होत्या, पोटातल्या बाळाला चालणाऱ्या. मी चुरमुऱ्यांचा डबा तिच्या उशाशी ठेवला आणि तेलासकट बसवनगुडीला परत आले.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज बारीक होता.

"आई, थेंबभर पाणी टिकत नाही."

माझं वाक्य! माझ्या सुरात, माझ्या शब्दांत! मला वाटलं, पोर माझी नक्कल करतेय. मी इतक्या जोरात हसले की खालच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. "शाब्बास! घराण्याचं नाव राखलंस! आता भाकऱ्या कितीवर आल्या?"

ती पण हसली. खरंच हसली. तिचं ते हसणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

बुधवारी सकाळी तिने तीन फोन उचलले नाहीत. चौथा उचलला आणि "आई" एवढंच म्हणाली. मी निघाले. रिंग रोडला रिक्षा अशी अडकली की निघताना काळे असलेले माझे केस पोचेपर्यंत पांढरे झाले. रिक्षावाला मागे वळून कन्नडात थोडं थांबा म्हणत होता, "स्वल्प इरी अम्मा, स्वल्प." त्या स्वल्पात तास गेला. एरवी मी त्याचे दहा तास केले असते.

ती बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठांना पापुद्रे, जीभ सुकलेली. चुरमुऱ्यांचा डबा तसाच भरलेला.

"लघवीला कधी गेली होतीस?"

"काल संध्याकाळी... थोडीशी. गडद चहासारखी." उभी करायला गेले तर तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली.

दवाखाना तिच्या बिल्डिंगच्या मागेच होता. डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, मराठी चांगलं बोलायच्या. नाडी पळत होती, वजन तीन किलो उतरलं होतं. लघवी तपासायला जेमतेम चमचाभर मिळाली आणि तीत कीटोन निघाले. म्हणजे खायला मिळेना म्हणून शरीर आपलीच चरबी जाळत होतं. रक्त तपासायला गेलं. सलाईन लागलं, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन झालं, उलटीचं झालं. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले. एकच होतं आणि ठीक होतं.

"गोळ्या का नाही घेतल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दिवसभर पाणी टिकलं नाही, लघवी अडली, चक्कर आली की लगेच यायचं, सांगितलं होतं ना?"

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईंनी पण नव्हत्या घेतल्या. नऊ महिने थेंब टिकत नव्हता त्यांचा. त्या म्हणतात, जितकी उलटी जास्त तितकं मूल घट्ट."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "नऊ महिने थेंबभर पाणी टिकलं नसतं, तर तुम्ही इथे उभ्या नसता अम्मा." आवाज चढवला नाही, पण मी भिंतीत शिरले. "उलटीवरून मूल घट्ट की सैल, हे ठरत नसतं."

त्या गेल्यावर मी खुर्ची ओढून बसले. हात मांडीवर ठेवले, चिमूट केली नाही.

"नऊ महिने नव्हत्या गं. साडेतीन महिने होत्या. सकाळी एकदा, कधी दोनदा. भाकऱ्या दहा. त्याही सासूबाई भाजायच्या."

तिने मान माझ्याकडे वळवली.

"त्याच्या आधी एक होतं. कुणाला सांगितलेलं नाही. नवव्या आठवड्यात माझी मळमळ एकदम थांबली. मी खूश! दोन प्लेट मिरची भजी खाल्ली. दहा दिवसांनी सोनोग्राफीत ठोके नव्हते."

"आई..."

"तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, तुमच्या खाण्याने काही झालं नाही, आणि बऱ्याच जणींची मळमळ अशीच आपोआप थांबते. मला पटलं नाही. मग तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी रोज उलटीची वाट बघायचे. साडेतीन महिन्यांनी ती थांबली, आणि मी मोरीवर जाऊन घशात बोटं घातली. चार दिवस. झाली की बरं वाटायचं, मूल आहे अजून, म्हणून."

म्हणूनच पुढे मी ती उलटी गोष्टीत नऊ महिने चालवली. थांबूच दिली नाही. आणि तीच गोष्ट खरी मानून ही पोर पाण्याशिवाय बसून राहिली.

मग ती म्हणाली, "मुलगी होती?"

"एवढ्यात कुठे कळतं गं." माझ्या मनात मुलगीच होती, ते मी सांगितलं नाही.

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा ती पुटपुटली, "आई, मला लघवीला जायचंय." स्टँडचं चाक अडकलेलं. मी बाटली काढली, एक हात उंच धरला, दुसऱ्याने तिला सावरलं आणि तिच्यासोबत दाराशी उभी राहिले. पदर डोळ्यांना लावायला हात मोकळा नव्हता. लघवी मोजायच्या भांड्यावर मिलिलीटरच्या रेघा होत्या.

बाटली परत अडकवली तेवढ्यात नर्स वही घेऊन आली. "एष्टु अम्मा? किती?"

मी भांडं उजेडात धरलं, चष्मा नीट केला आणि दोनदा पाहिलं.

"दीडशे," मी म्हटलं. "दीडशेच आहे. हवं तर तू बघ."