गोरख आचाऱ्याचा मोकळा भात

कान्हे गावच्या गोरख आचाऱ्याला स्वतःच्या भाताचा जेवढा अभिमान होता, तेवढा पोटच्या पोरांचाही नव्हता. मावळात कुठंही लग्न असो, पंगत बसली की तो पंचा खांद्यावर टाकून मांडवात यायचा, कुणाच्या तरी पानातला भात दोन बोटांनी उचलायचा आणि सांगायचा, "बघा. ह्या शिताची त्या शिताशी वळख न्हाई." जेवणारा बिचारा घास हातात धरून मान डोलवायचा. न डोलवून सांगतो कुणाला? वाढपी गोरखचेच.

त्याची रीत एकच. भलं मोठं आधण ठेवायचं, ते खळखळलं की जुना कोलम सोडायचा, लांब दांड्याच्या झाऱ्यानं ढवळायचा, शीत बोटांत चेपून बघायचं आणि बांबूच्या पाट्यांत ओतून पेज काढून टाकायची. तांदळातून सुटलेली खळ पाण्याबरोबर जायची, दाणा अंगानं कोरडा राहायचा आणि भात फुलासारखा मोकळा व्हायचा. ह्यात खोट काही नव्हती. खोट एवढीच, की जगातला सगळा तांदूळ म्हणजे जुना कोलम, अशी गोरखची समजूत होती.

घरी त्याची बायको सविता बैठा भात करायची. मोजून पाणी, मंद आच, वर झाकण; सगळं पाणी भातातच मुरायचं. पेज काढायचीच नाही, त्यामुळं सुटलेली खळ शितांवरच बसायची आणि भात मऊ, जरासा चिकट, गोडसर लागायचा. गोरख रोज दोनदा वाढून घ्यायचा आणि रोज नावं ठेवायचा. "हा भात हाय का खळ? पोस्टर चिकटवाया घेऊन जाऊ का?"

"न्या की. तुमच्या केटरिंगचं पोस्टर लय दिसांपासून लोंबतंय," सविता म्हणायची. जिभेनं तीही कमी नव्हती. लग्नात पुऱ्या लाटणाऱ्या बायांची ती मुकादम होती आणि आपल्याइतका भात कुणालाच कळत नाही, असं तिलाही ठामपणे वाटत होतं.

अशात सुदुंबऱ्याच्या बजरंग आबांच्या मुलीचं लग्न ठरलं. आबांची बरीचशी जमीन कारखान्यांच्या शेडखाली गेली होती. एक खाचर मात्र त्यांनी राखलं होतं, पिकापेक्षा बोलण्यासाठी. "पंगतीला आमच्या वावरातला इंद्रायणी पायजे," आबांनी गोरखला बजावलं. "यंदाचा, नवाकोरा. पुण्याच्या पाव्हण्यांना वास आला पायजे मांडवाच्या दारात."

"आबा, तुमी फकस्त वास घ्यायला उभं ऱ्हा," गोरख म्हणाला.

सवितानं घरी सांगून पाहिलं. "अवो, इंद्रायणी मुळात चिकट. त्यात नवा. त्याला उकळत्या पाण्यात नाचवू नका, फुटंल."

"तू घरचा भात कर. पंगतीचा मी बघतो."

लग्न कामशेतजवळच्या एका लॉनवर होतं. सकाळीच गोरखनं आधणात इंद्रायणी सोडला आणि नेहमीच्या जोरानं झारा फिरवायला घेतला. बघता बघता पाणी दाट झालं. दाण्यांची टोकं फुटली, आतली खळ बाहेर आली आणि पेज घावनाच्या पिठासारखी दिसू लागली. पाट्यांत ओतलं, तर विणीतल्या फटी खळीनं बंद. पाणी खाली जाईना, भात वर निवेना. आपल्याच वाफेत तो आणखी शिजत राहिला. घाबरून गोरखनं त्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतल्या. वरची खळ धुतली गेली, दाणे घडीभर सुटे झाले. पाट्या डेगीत रिकाम्या केल्यावर आपल्याच वजनानं सगळं पुन्हा एक झालं. आता भात चिकटही होता आणि बेचवही.

नेमके तेव्हाच आबा भटारखान्यात आले. डेगीवर वाकून त्यांनी मोठा श्वास घेतला. मग दुसरा घेतला. "गोरख, वास कुटं गेला रं?"

मागच्या गटारीत पेज सोडलेली होती, तिकडून झुळूक आली आणि सुदुंबऱ्याच्या वावराचा अस्सल दरवळ आबांच्या नाकात शिरला. फेटा बांधलेला वधूपिता गटारीवर वाकून हुंगत होता. फोटोग्राफरनं ते टिपलं की नाही, हे पुढं कुणी विचारलं नाही.

"सरका," पुऱ्यांचं लाटणं टाकून सविता उठली. "बैठा करते." ती पुढं झाली, तेव्हा गोरखला भीती वाटली, की ही जमवून दाखवेल. तसं झालं नाही. तिनं घरच्या पातेल्याचं माप डेगीला लावलं: वाटीला दोन वाट्या पाणी, तसं डेगीलाही. पण घरच्या पातेल्यातलं पाणी जेवढं वाफेवाटे उडतं, तेवढं डेगीतलं तांदळाच्या मानानं उडत नाही. शिवाय डेग खोल. खालचा भात वरच्या वजनाखाली दबून गिच्च झाला, तळ करपला आणि वरचे दाणे टणक राहिले. झाकण काढलं, तर एकाच डेगीत खरपुडी, खीर आणि कच्चा तांदूळ.

गोरखच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "वा! तीन पदार्थ केलं की."

"तुमी तर एकबी न्हाई केला," सविता म्हणाली.

मांडवात अक्षता सुरू झाल्या आणि गोरखचं हसू मावळलं. तांदूळ अजून उरला होता, भांडायला वेळ उरला नव्हता.

"खोल डेगीत बसायचा न्हाई तो," सविता पुटपुटली. "पसरट पायजे."

"मग शिजवतो मी, बसव तू," गोरख म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं झारा बाजूला ठेवला. भरपूर पाण्यात, अजिबात न ढवळता, त्यानं थोडा थोडा इंद्रायणी सोडला. शीत दाबल्यावर मध्ये पांढरा कण दिसत होता, तेव्हाच पाट्यांत ओतून, पेज गाळून वेळून काढला. सवितानं तो मोठ्या परातींत पातळ पसरला, ओल्या फडक्यानं आणि झाकणानं बंद केला आणि विझत्या निखाऱ्यांवर ठेवला. आतल्या वाफेनंच मधला कण शिजला. फुटायला पाणी नव्हतं, करपायला जाळ नव्हता.

भात मऊ झाला. शीत शिताला धरून होतं, पण गळ्यात पडलेलं नव्हतं. वास निम्मा गटारीत गेला होता, निम्मा राहिला. पुण्याचा एक पाहुणा म्हणाला, "जरा चिकट आहे." आबा कडाडले, "इंद्रायणी हाय तो! मोकळा पायजे असंल तर मुरमुरं खावा." पाहुण्यानं मुकाट्यानं पुन्हा वाढून घेतला.

पंगत उठायच्या आत गोरख पंचा झटकून मांडवात हजर. "ही माझी खास रीत, आबा. दमाचा इंद्रायणी. लय वर्षांचा अभ्यास हाय."

पुऱ्यांच्या परातीमागून सवितानं ते ऐकलं. ती काही बोलली नाही, ही गोष्ट गोरखनं मनावर घ्यायला हवी होती.

पुढच्या लग्नात, नवलाख उंबऱ्याला, लोकांनी दमाचा इंद्रायणीच मागितला. सविता पाहुण्यांच्या लाल खुर्चीत जाऊन बसली. "तुमची रीत हाय. करा."

गोरखनं वेळेत भात वेळला, पराती झाकल्या. पण झाकलेल्या भाताचा त्याला भरवसा वाटेना. आयुष्यभर दिसणारा भात शिजवलेला माणूस. तो सारखं झाकण उचलून डोकावू लागला. दर वेळी वाफ भसकन निघून जायची आणि मधला पांढरा कण तसाच राहायचा. परातीमागून परात झाली, भात शिजेना. शेवटी तो खुर्चीपाशी आला.

"सविता, जरा ये की."

"कोण, मी? मला तर पोस्टर चिकटवायची खळ येती."

"न्हाई गं. भात येतो तुला."

"मोठ्यानं बोला. वाढप्यांना ऐकू गेलं न्हाई."

गोरखनं घसा खाकरला आणि सगळ्या भटारखान्याला ऐकू जाईल असं तेच पुन्हा म्हणाला. मग सविता उठली, तिनं पराती पुन्हा झाकल्या, प्रत्येक झाकणावर एकेक वीट ठेवली आणि त्याच्या हाताला धरून त्याला कांदा चिरायला बसवला.