बांबूच्या ट्रकमधली दुपारची डुलकी

नागभीडहून भावाचं पत्र आलं, आई फार आजारी आहे, लवकर ये. आम्ही आलापल्लीत राहायचो. भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, बांबूचा ट्रक चालवायचे आणि त्यांची खेप त्याच बाजूला होती. आदल्या दिवशी त्यांनी समोरून आलेल्या ड्रायव्हरला नाक्यावर थांबवून रस्ता विचारून घेतला. कोणती मोरी खचली, वैनगंगेच्या पात्रातली वाट भरली गाडी पेलते का. मग सासूबाईंना म्हणाले, "आष्टीत चहा. चामोर्शीच्या पुढं आंब्याखाली जेवण अन् घंटाभर झोप. त्याबिगर मी गाडी हाकत नाई."

केबिनमध्ये मधे सासूबाई, खिडकीशी मी. हे वर बांबूवर, दोर पाहायला. लग्नापासून भासऱ्यांशी मी एक शब्दही बोलले नव्हते. आमच्यात तशी रीतच होती.

आंब्याखाली जेवण झालं. माझी नजर सारखी रस्त्याकडे. भासऱ्यांना ते दिसलं असावं.

"आई, तिले मायची ओढ लागली. झोप राहू दे, चाल."

मला एवढा आनंद झाला की डबे न धुताच बांधले.

नदी ओलांडली. ऊन काचेतून मांडीवर येत होतं. सासूबाई पेंगल्या. भासरे जांभयांवर जांभया देऊ लागले. मग त्यांचं नेहमीचं गुणगुणणं थांबलं, गिअर उशिरा पडू लागले. एकदा चाक कडेच्या मुरमावर गेलं, त्यांनी दचकून परत आणलं. मी बांगड्या वाजवल्या, खोकले. बोलले मात्र नाही. अर्धी रीत होती. अर्धी भीती ही, की बोलले तर ते थांबतील.

मग त्यांची पापणी मिटली ती उघडेना. मान झुकली. गाडी एका सागाकडे निघाली.

"भाऊजी!"

ब्रेक करकचला. वरून हे ओरडले, "दादा, काऊन थांबला?"

"काही नाई. जागाच होतो मी."

"जागा होता? मंग मघाशी बैलगाडीवाला शिव्या देऊन राह्यला होता, ऐकलं काय?"

"कोणता बैलगाडीवाला?"

सासूबाई म्हणाल्या, "घ्या! मुकी बोलली म्हून वाचलो. झोप आता गुमान."

ते सागाखाली आडवे झाले. मी सावली लांबताना पाहत बसले. आईच्या अंगणातही आता अशीच सावली असेल, ती दाराकडे तोंड करून पडली असेल. उठल्यावर त्यांनी तोंड धुतलं, ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, मगच स्टिअरिंगवर बसले.

दिवेलागणीनंतर पोचलो. आईची वाचा दुपारीच गेली होती. तिनं माझा हात धरला तो सोडला नाही. बाहेर भासरे ह्यांना म्हणत होते, "आंब्याखालीच झोपलो असतो त..."

तिथं झोपले असते तरी आम्ही याच वेळी पोचलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी अजून वाटतं, तिनं एकदा मला नावानं हाक मारायला हवी होती.