क्लाउडचं नंतर बघू

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी गोंदियात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी सडक अर्जुनीची, वडिलांचं तिथे हार्डवेअरचं दुकान. ती केशोरीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. तिचे आईवडील थोडी धानाची शेती करत आणि हंगामात वनखात्याच्या कामावर जात. आईशी फोनवर ती गोंडीत बोलायची, माझ्याशी झाडीबोलीत, आणि घरमालकिणीशी हिंदीत. दोघी कॉम्प्युटर शाखेच्या. लॅपटॉप मात्र एकच, माझा. तो पहाटे तिच्याकडे असायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे.

सातवं सेमिस्टर सुरू झालं आणि वर्गात सर्टिफिकेटांची साथ आली. कुणी सायबर सिक्युरिटीचं करत होतं, कुणी क्लाउडचं, कुणी एआयचं. एकाने तर जर्मन भाषाही लावली. रोज कुणीतरी मोबाइलवर नवं सर्टिफिकेट टाकायचं, खाली अभिनंदनांचा पाऊस. आपल्याकडे काही नाही म्हणून मला झोप लागेना. सुट्टीतल्या इंटर्नशिपचं एक सर्टिफिकेट होतं, बस्स.

"आपन क्लाउडचा मोठा कोर्स करू," मी म्हटलं. "आर्किटेक्टवाला. दोघी मिळून."

"लॅपटॉप एक, कंपन्या दोन महिन्यांत येऊन राहिल्या, अन् तुले मोठाच पाहिजे?" ती म्हणाली. "आधी सरले विचारू."

प्लेसमेंटचं काम बघणारे सर गोंदियातलेच, हिंदी-मराठी मिसळून बोलणारे. त्यांच्या केबिनमध्ये कूलरचा इतका आवाज की ओरडूनच बोलावं लागायचं. मला करायच्या सर्टिफिकेटांची नावं मी सांगितली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देखो बेटा," ते म्हणाले, "एकच प्रश्न विचारायचा. या विषयावर समोरच्याने दहा मिनिटं खोदलं, तर तू टिकशील का? टिकशील तर घे. नाही तर ते सर्टिफिकेट तुझ्याच विरुद्ध साक्ष देईल."

"पन सर, सगळेच घेऊन राहिले."

"घेऊ दे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं जे मोठं आहे ना, त्याचा अर्ज भरायलाच कामाचा अनुभव लागतो. सिक्युरिटीचं मोठं घ्यायचंय, पण नेटवर्किंग कुठं आलंय तुला? क्लाउड आर्किटेक्ट दोन वर्षं काम करून घे. त्याची मुदतही संपते, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. बऱ्याच कंपन्या नोकरी लागल्यावर स्वतःच करून घेतात. इतनी जल्दी क्या है?"

"मंग आता काय करू?" तिने विचारलं.

"एक भाषा पक्की. जावा म्हण की पायथन. आणि डेटाबेससाठी एसक्यूएल. दोन्हीची वेळ लावून घेतलेली ऑनलाइन टेस्ट द्या, तिचं सर्टिफिकेट पुरे. इंटर्नशिपचं जपून ठेवा, ते विचारतात. आणि एक प्रोजेक्ट, स्वतः केलेला. त्याच्याशिवाय बाकी सब कागज है."

मी बारा आठवड्यांच्या त्या सरकारी कोर्सचं विचारलं, ज्याची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. सर म्हणाले, कोर्स चांगला, पण जुलैत सुरू झालेल्याचा निकाल येईपर्यंत पहिल्या कंपन्या निघून जातात. तो जानेवारीतच घ्यायला हवा होता. आता शिकायचं म्हणून कर, बायोडेटासाठी नको.

बाहेर आल्यावर मी हिरमुसले होते. ती मात्र हलकी झाली होती. "बरं झालं व," ती म्हणाली. "क्लाउडचं नंतर बघू. नोकरी लागली का दोघी संगंच परीक्षा देऊ."

"नक्की?"

"नक्की. कायले खोटं बोलू?"

त्यानंतरचे दोन महिने. आज पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये बसले की मला त्यांचीच आठवण येते, नोकरी लागल्याच्या दिवसाची नाही. शनिवारी आम्ही गोंदियाहून एकाच एसटीने निघायचो आणि कोहमाऱ्याला उतरायचो. मला सडक अर्जुनीकडे वळायचं असे, तिला केशोरीकडे. तिची गाडी कधी वेळेवर आली नाही, आणि ती येईपर्यंत मी माझी सोडून द्यायची. ढाब्याच्या बाकावर आलुबोंडा खात ती मला एसक्यूएलमधले, टेबल एकमेकांना जोडायचे प्रश्न घालायची. समोरून रायपूरकडचे ट्रक जात. ती ओरडून विचारायची, "ज्या गिऱ्हाइकानं काहीच नाही घेतलं, त्याचंबी नाव यायले पाहिजे. मंग कोनता जॉइन?" मी ओरडून सांगायची, "लेफ्ट!" शेजारचे ड्रायव्हर आमच्याकडे बघून हसायचे.

तिने प्रोजेक्टही तिथेच ठरवला. तिच्या गावच्या बायका मोहफुलं आणि हिरडा वेचून एकत्र विकत. कुणाचा किती माल आला याची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम तिने लिहिला. स्क्रीनवर मराठी अक्षरं नीट येईनात म्हणून ती एकदा रडकुंडीला आली होती. अक्षरं नीट आली तेव्हा तिने लॅपटॉप घरी नेऊन आईच्या मांडीवर ठेवला. आई बराच वेळ स्वतःच्या नावाकडे बघत राहिली, असं तिने सोमवारी येऊन सांगितलं.

पहिली मोठी कंपनी नागपूरच्या एका कॉलेजात आली. लेखी परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. मुलाखतीला माझ्या आधी आमच्या वर्गातला एक मुलगा आत गेला. त्याच्या बायोडेटावर पान भरून सर्टिफिकेटं होती. बाहेर आला तो फाइल पिशवीत कोंबतच. सिक्युरिटीचं एक नाव उचलून त्यांनी त्याला फायरवॉल म्हणजे काय ते समजावून सांगायला लावलं होतं, आणि ते त्याला जमलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं. सरांकडे गेले नसते तर त्याच्या जागी मीच असते.

मला एसक्यूएल विचारलं, ते आलं. इंटर्नशिपमध्ये काय केलं ते विचारलं, तेही सांगितलं. पण माझ्या प्रोजेक्टवर बोलताना मी अडखळले. तिला मात्र त्यांनी आत बराच वेळ ठेवून घेतलं. मोहफुलं ओली असताना वजन जास्त भरतं, मग वाळल्यावरचं नोंदवायचं की ओलं, असं तिने त्यांनाच विचारलं होतं म्हणे.

संध्याकाळी निकाल लागला. तिचं नाव होतं. माझं नव्हतं. ती मला धरून रडली, मी रडले नाही. "तुयी दुसरी कंपनी येते," ती म्हणाली. "तू एसक्यूएल माह्यापेक्षा चांगलं करते."

महिनाभराने मलाही पुण्यातल्या कंपनीने घेतलं. तिची कंपनी बेंगळुरूची. शेवटची परीक्षा झाली, खोली रिकामी केली, आणि आम्ही आपापल्या गावी गेलो. लवकरच भेटू असं दोघींनाही वाटत होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या मॅनेजरने क्लाउडच्या परीक्षेला कंपनीतर्फे माझं नाव नोंदवलं. तारीख त्यांनीच ठरवली. आता कामात रोज तेच करत असल्याने अभ्यास जड गेला नाही. सर बरोबर होते, तेव्हा घोकून घेतलं असतं तर यातलं काही कळलं नसतं. पास झाले आणि आधी तिला फोन केला.

"क्लाउडचं झालं माझं," मी म्हटलं.

"माझंबी झालं. मागच्या महिन्यात." मग घाईघाईने, "तुले सांगनार होती व. प्रोजेक्टले लागत होतं, त्यायनं तारीखच देली."

"मलेबी तसंच," मी म्हटलं.

आम्ही दोघी हसलो. मग तिने विचारलं की पुण्यात पाऊस आहे का, मी विचारलं की तिची आई कशी आहे. आई रोवणीला गेली होती, तिच्याकडे धान लावणं सुरू झालं होतं. तिला मीटिंग होती, फोन ठेवावा लागला.

ज्या गोष्टी थांबू शकतात त्या थांबू द्याव्यात, हे सरांचं म्हणणं मी आता गावाकडून फोन करणाऱ्या मुलींना सांगते. त्या विचारतात, ताई, एआयचं करू का, क्लाउडचं करू का. मी सांगते, आधी भाषा, एसक्यूएल, एक स्वतःचा प्रोजेक्ट. बाकीचं नोकरीत होतं. हे सगळं खरं आहे. फोन ठेवल्यावर मात्र मी तिला मेसेज लिहायला घेते: या दिवाळीत तू किती दिवस घरी आहेस?