रिकामा तपासलेला एलिमिनेटर

नव्वदच्या दशकात श्रीगोंद्यात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. एक निवृत्त गुरुजी तिसऱ्यांदा तोच एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर टेप चालवायचा डबा, घेऊन आले. "तुमच्याकडं गप असतो, घरी टेपला लावला की लई घरघरतो," ते म्हणाले.

मी दिवसभराचा थकलेला. मीटर लावला, तर व्होल्टेज बरोबर, वीज एकाच दिशेनं सोडणारे आतले चारही डायोड शाबूत. "टेपच घेऊन या," मी वैतागून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते सायकलवर टेप बांधून आले. कॅसेटमध्ये त्यांच्या वारलेल्या बायकोच्या ओव्या होत्या. आवाज वाढवला तशी घरघरही वाढली, आणि माझी चूक कळली. मी दर वेळी एलिमिनेटर टेप न जोडता, रिकामाच तपासला होता. करंट कुणी ओढत नव्हतं, तोवर आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहायचा. टेप करंट ओढू लागला की विजेच्या दोन लाटांच्या मधे तो उतरायचा, आणि तोच चढउतार, म्हणजे रिपल, स्पीकरमध्ये घुमायचा.

सुकलेला कपॅसिटर काढून मी जास्त क्षमतेचा बसवला. घरघर पुरती गेली नाही, पण ओव्यांचे शब्द कळू लागले. गुरुजी डोळे मिटून स्टुलावर ऐकत बसले. मला त्यांची माफी मागायची होती, पण ओव्या मधेच तोडवेनात; कॅसेट संपेपर्यंत मी दुसरं काम हाती घेतलं नाही.